तळहाताचे छायाचित्र पाठवण्यापूर्वी

हस्तसामुद्रिकाच्या अभ्यासासाठी पूर्वी हाताला छपाईची शाई लावून किंवा कापराच्या काजळीने काळा केलेल्या कागदावर तळहात दाबून ठसा घेत असत. आता बहुतेक जण मोबाईलवर छायाचित्र काढून पाठवतात. शाईच्या ठशात तळहाताचा कागदाला टेकलेला भाग उमटतो आणि रेषेची खाच कोरी राहते, त्यामुळे रेषा कुठे आहे हे त्वचेचा स्पर्शच ठरवतो. छायाचित्रात मात्र खाचेत पडलेली सावली दिसते आणि त्या सावलीलाच आपण रेषा समजतो. उजेडाची दिशा बदलली की सावली बदलते, आणि तीच रेषा कधी ठळक, कधी तुटक, तर कधी नाहीशी झालेली दिसते. पुढची सगळी तयारी या एका गोष्टीसाठी आहे.

सुरुवात हातापासून करावी. हात साध्या साबणाने धुऊन, कोरडे पुसून, पंधरा-वीस मिनिटे तसेच ठेवावेत. भांडी घासून किंवा कपडे धुऊन लगेच छायाचित्र काढू नये, कारण पाण्याने सुरकुतलेल्या त्वचेवर ज्या बारीक आडव्या घड्या पडतात त्या तासाभराने उरत नाहीत, पण छायाचित्रात मात्र त्या रेषा म्हणून कायम होतात. बाजारातून भाजीच्या जड पिशव्या आणल्यानंतर बोटांच्या मुळाशी बंदांचे वळ उठतात, तेही पूर्ण जिरू द्यावेत. तेल, क्रीम किंवा तूप लागलेला हात चकाकतो, आणि जिथे चकाकी असते तिथे रेषा पुसल्यासारखी दिसते. उलट रेषा उठून दिसाव्यात म्हणून पीठ किंवा पावडर चोळणेही टाळावे, कारण ती खाचेत असमान भरते आणि एकसंध रेषेत नसलेल्या गाठी निर्माण करते. मेंदी लावली असेल तर ती पुरती उतरेपर्यंत थांबणे चांगले. अंगठ्या आधीच काढून ठेवाव्यात, म्हणजे त्यांचा वळ निघून जातो.

उजेडाच्या बाबतीत घाई करू नये. कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरू नये, कारण तो भिंगाच्या शेजारूनच समोर पडतो, खाचेच्या तळापर्यंत सारखा पोहोचतो आणि सावली उरतच नाही. डोक्यावरची ट्यूबलाइटही तळहात सपाट करून टाकते. सर्वांत उपयोगी उजेड म्हणजे दिवसा खिडकीतून येणारा, ऊन थेट न पडणारा उजेड. खिडकीशेजारी टेबलावर हात उताणा ठेवावा आणि उजेड तळहाताला घासून जाईल इतका तिरपा यावा. तळहात खिडकीकडे वळवून उभा धरला तर उजेड पुन्हा समोरूनच पडतो आणि फ्लॅशसारखेच होते.

यापुढची गोष्ट फार थोडे लोक पाळतात. रेषा उजेडाला आडवी असेल तरच तिची सावली पडते. उजेडाच्याच दिशेने धावणारी रेषा फिकी होते. हृदयरेषा आणि मस्तकरेषा तळहातावर साधारण आडव्या असतात, भाग्यरेषा मनगटाकडून बोटांकडे उभी जाते, तर आयुष्यरेषा अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या शुक्राच्या उंचवट्याभोवती वळत असल्यामुळे तिचा काही भाग आडवा आणि काही उभा असतो. म्हणून प्रत्येक हाताची किमान दोन छायाचित्रे घ्यावीत. एकात अंगठा खिडकीकडे असावा, म्हणजे उभ्या रेषा स्पष्ट होतील. दुसऱ्यात हात वळवून बोटांची टोके खिडकीकडे करावीत, म्हणजे आडव्या रेषा उठून येतील. जी खूण दोन्ही छायाचित्रांत सापडते तीच विचारात घ्यावी, असा माझा नियम आहे.

हा नियम मी एका अनुभवानंतर घालून घेतला. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी उजव्या हाताचे छायाचित्र पाठवले होते. त्यात मस्तकरेषा मधल्या बोटाखाली जवळजवळ एका बोटाच्या रुंदीइतकी नाहीशी झालेली दिसत होती. त्यांना कोणीतरी आधीच सांगितले होते की अशी तुटलेली मस्तकरेषा म्हणजे डोक्याला इजा, आणि त्या काळजीने काकूंची झोप उडाली होती. छायाचित्र नीट पाहिले तेव्हा अंगठ्याच्या उंचवट्याची सावली करंगळीच्या बाजूला पडलेली दिसली, म्हणजे उजेड अंगठ्याकडून आला होता, मस्तकरेषेच्याच दिशेने. मी कळवले, "काकू, तीच खिडकी, तेच टेबल, फक्त बोटे खिडकीकडे करून पुन्हा काढा." दुसऱ्या छायाचित्रात रेषा अखंड होती, मधल्या भागात तिची खोली कमी होती एवढेच. पुढे भेट झाली तेव्हा हाताचा द्रोण करायला सांगितला, तर त्या जागची घडी न तुटता सरळ पडली. पहिल्या छायाचित्रात तुटलेली होती ती सावली.

कॅमेऱ्याची मांडणी त्या मानाने सोपी आहे. मागचा कॅमेरा वापरावा, भिंग मऊ कापडाने पुसावे, सौंदर्य वाढवणारे फिल्टर आणि पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट प्रकार बंद करावा, कारण त्वचा गुळगुळीत करणारी कोणतीही सोय सर्वांत आधी बारीक रेषाच घालवते. हाताखाली निळ्या किंवा करड्या रंगाचे साधे कापड असावे. काळ्या कापडावर कॅमेरा तळहात जास्त उजळ करतो आणि पांढऱ्या कागदावर तो काळवंडवतो. पडद्यावर तळहाताच्या मध्यभागी बोट टेकवून फोकस साधावा. शक्य असल्यास दुसऱ्या कोणाला मोबाईल धरायला सांगावे, त्याची सावली हातावर पडू देऊ नये आणि मोबाईल तळहाताला समांतर ठेवावा.

अंतराकडेही लक्ष द्यावे. बोटे किंचित वाकल्यामुळे टोके तळहातापेक्षा तीन सेंटिमीटर कॅमेऱ्याजवळ आली आहेत असे समजा. पंधरा सेंटिमीटरवरून छायाचित्र काढले तर ती टोके तळहाताच्या तुलनेत सुमारे पंचवीस टक्के मोठी दिसतील. पंचेचाळीस सेंटिमीटरवरून काढले तर हा फरक सात टक्क्यांवर येतो. तर्जनी लांब की अनामिका लांब, अंगठा केवढा, असल्या तुलना सामुद्रिकात केल्या जातात आणि जवळून काढलेल्या छायाचित्रावरून त्या हमखास चुकतात. म्हणून हातभर दूर राहून थोडे झूम करावे. बोटे ताठ मागे ओढू नयेत, कारण ताणाने त्वचा पांढरी पडते आणि उथळ रेषा मिटतात. हात सैल, बोटांमध्ये सहज राहील तेवढे अंतर, एवढे पुरते.

समोरचा कॅमेरा टाळण्याचे आणखी एक कारण आहे. पुष्कळ मोबाईलमध्ये त्या कॅमेऱ्याचे चित्र आरशासारखे उलटे साठवले जाते आणि उजवा हात हुबेहूब डावा दिसतो. बोटे वर असलेल्या सरळ छायाचित्रात उजव्या तळहाताचा अंगठा पाहणाऱ्याच्या उजवीकडे असतो, पण उलटलेल्या चित्रात ही खूणच फसवते. त्यावर साधा उपाय म्हणजे हाताशेजारी एक चिठ्ठी ठेवावी, तिच्यावर "उजवा" किंवा "डावा" आणि तारीख लिहावी. अक्षरे उलटी दिसली की चित्र उलटे आहे हे लगेच कळते. चिठ्ठीशेजारी एक लहान पट्टी ठेवली तर मापही मिळते.

दोन्ही हातांच्या समोरच्या चार छायाचित्रांखेरीज प्रत्येक हाताची करंगळीकडची कड वेगळी घ्यावी. सामुद्रिकात ज्यांना विवाहरेषा म्हणतात त्या करंगळीखालच्या आडव्या रेषा कडेवरच असतात आणि समोरून त्यांची केवळ टोके दिसतात. मणिबंध पाहायचा असेल तर मनगटही चौकटीत येऊ द्यावे.

पाठवतानाही बरेच काही हरवते. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात साधारण अठरा सेंटिमीटरचा असतो. चॅटवर पाठवताना चित्र आकसून त्याची लांब बाजू १६०० पिक्सेल उरली, तर दर मिलिमीटरला जेमतेम नऊ पिक्सेल येतात. एक-पंचमांश मिलिमीटर रुंदीची बारीक रेषा मग दोन पिक्सेलही व्यापत नाही आणि रेषेवरचे यव, म्हणजे जवाच्या दाण्यासारखी खूण, केवळ एक डाग होऊन बसते. त्यामुळे छायाचित्र फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, अथवा ईमेलला मूळ फाइल जोडावी. पाठवण्यापूर्वी स्वतः ते मोठे करून पाहावे. बोटांच्या पेरांवरचे बारीक वळसे वेगवेगळे दिसत असतील तर चित्र पुरेसे स्पष्ट आहे.

हेच वळसे जपायलाही हवेत. २०१४ साली जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेच्या यान क्रिस्लर यांनी तत्कालीन संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांच्या प्रसिद्ध छायाचित्रांवरून त्यांच्या अंगठ्याचा ठसा तयार करून दाखवला होता. आपल्याकडे रेशन दुकानापासून बँकेपर्यंत आधारची ओळख बोटांच्या ठशावर पटवली जाते. म्हणून स्पष्ट छायाचित्र एकाच विश्वासाच्या व्यक्तीला पाठवावे, आणि समूहात टाकायचेच असेल तर बोटांची टोके झाकून टाकावे.

इतके केल्यावरही छायाचित्रातून काय कळत नाही, हे पाहणाऱ्याने आधीच सांगितले पाहिजे. उंचवटा भरीव आहे की पिळपिळीत, हात मऊ आहे की कडक, अंगठा मागे किती वाकतो, त्वचा ऊबदार आहे की थंड, हे स्पर्शाशिवाय समजत नाही. विळीने कापल्याची जुनी खूण आणि नैसर्गिक रेषा यांतला फरक चित्रात कित्येकदा दिसत नाही. म्हणून जुन्या जखमा, वय, रोजचे काम आणि कोणत्या हाताने लिहिता, हे छायाचित्रासोबत लिहून पाठवावे. रंगावर तर मी काहीच बोलत नाही, कारण तळहाताचा फिकेपणा किंवा पिवळेपणा खिडकीच्या पडद्याचा आणि कॅमेऱ्याच्या रंगजुळणीचाही असू शकतो. खरेच फिकेपणा जाणवत असेल तर डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासावे.

मुख्य रेषा या मुळात त्वचेच्या घड्या आहेत आणि त्या गर्भातच, पहिल्या तीन-चार महिन्यांत तयार होतात. हृदयरेषा आणि मस्तकरेषा एक होऊन तळहातावर एकच आडवी रेषा असणे डाउन सिंड्रोममध्ये अधिक आढळते, परंतु तशी रेषा अनेक निरोगी माणसांच्या हातावरही असते आणि तिच्या एकटीवरून डॉक्टरही निदान करत नाहीत. रेषेच्या लांबीवरून आयुष्याची वर्षे किंवा तिच्या तुटण्यावरून अपघात सांगता येतो, याला शास्त्रीय पुरावा नाही. मी सामुद्रिकाचा अभ्यास एक परंपरा म्हणून मनापासून करतो. रेषेला कोणते नाव आहे, ती कुठून निघते, ग्रंथांत तिचा अर्थ कसा दिला आहे, एवढे छायाचित्र पाहून सांगतो. मृत्यू, आजार, संतती आणि लग्न मोडणे याविषयी विचारले तर छायाचित्रावरून उत्तर देत नाही, आणि हे मी छायाचित्र मागवतानाच कळवतो, म्हणजे ज्यांना तेवढेच विचारायचे असेल त्यांना हात धुऊन खिडकीशी बसण्याचे कष्ट पडत नाहीत.