पाकिटाचा फोटो पाहून कापड कसं घ्यावं

माझ्या जाऊबाईंची मुलगी मस्कतला असते. गणपतीला मालवणला येताना ती फ्रॉकचा पाकिटात मिळणारा कागदी पॅटर्न आणणार होती. पाकिटाचे फोटो आधी पाठवून म्हणाली, "काकू, कापड घेऊन ठेव."

फोटो उजेडात, सरळ वरून घ्यायला सांगा. मागच्या तक्त्याचा जवळून वेगळा फोटो हवाच, कारण आकड्यांशेजारच्या बारीक चांदण्या लांबून दिसत नाहीत. साइज तयार कपड्यांवरून ठरवू नका, छाती-कंबर-सीट मोजून तक्त्याशी जुळवा.

तक्त्यात वरच्या ओळीला साइज, डावीकडे पन्हा आणि आत यार्ड असतात. एक यार्ड म्हणजे ९१.४४ सेंटीमीटर. तिच्या साइजला ४५ इंच पन्ह्यात २ ७/८ यार्ड लिहिलं होतं, म्हणजे २ मीटर ६३ सेंटीमीटर. चांदणीची खूण तळाशी समजावलेली असते: 'विथ नॅप' की 'विदाउट नॅप'. शब्दकोशात नॅप म्हणजे डुलकी, इथे मात्र कापडाची लव. मखमल किंवा एकाच दिशेची नक्षी असेल तर सगळे तुकडे एका दिशेने ठेवावे लागतात, म्हणून 'विथ नॅप'चा आकडा घ्या.

आता खरी अडचण. बाजारात मनासारखं कॉटन मिळालं ते ३६ इंच पन्ह्याचं. दुकानदार म्हणाला, "ताई, साडेतीन मीटर घ्या, पुरेल." पन्ह्याच्या प्रमाणात हिशेबाने सुमारे ३ मीटर ३० सेंटीमीटर येतंही. हा सल्ला मला अनेकांनी दिलाय आणि तो चूक आहे. आधी पॅटर्नमध्ये घडीवर कापायचे तुकडे कोणते ते बघा. ज्या खुणेची दोन्ही टोकं काटकोनात वळून बाण तुकड्याच्या कडेला भिडतात, ती घडीची खूण. दोन टोकांचा सरळ बाण वेगळा. तो उभ्या धाग्याचा असतो आणि कापडाच्या काठाला समांतर ठेवायचा.

घडीच्या खुणेचा तुकडा अर्धाच छापलेला असतो. पुतणीला टेप लावून घेरचा पुढचा तुकडा मोजायला लावला, कारण फोटोवरून माप कळत नाही. सर्वात रुंद जागी तो २० इंच भरला. उघडल्यावर ४० इंच. म्हणजे ३६ च्या पन्ह्यात उभ्या धाग्यात तो कितीही मीटर घेतले तरी बसणार नाही! मी ४५ इंचाचं दुसरं कापड घेतलं.

दोन्ही बाण सारखे समजून सुरुवातीला मी एकदा झग्याचा पुढचा भाग घडीच्या कडेवरून कापला होता. त्या कडेला मार्जिन नसतं. मधून जोड द्यावा तर दोन्ही बाजूंनी दीड सेंटीमीटर आत गेलं आणि छातीला तीन सेंटीमीटर कमी पडलं. तेव्हापासून घडीच्या कडेवर मी लाल पेन्सिलने 'कापू नये' लिहिते, मगच कात्री घेते.