वीस पाहुण्यांसाठी घरचा चाट काउंटर: ओलं आदल्या दिवशी, कोरडं शेवटच्या घटकेला

पहिल्यांदा घरी चाट काउंटर लावला तेव्हा मी सगळं हौसेने एकाच टेबलावर मांडलं होतं. मधोमध रगड्याचं वाफाळतं पातेलं, त्याच्या एका अंगाला पुऱ्या, दुसऱ्या अंगाला शेवेचा मोठा वाडगा. दिवस जुलैचे. अर्ध्या तासात खालच्या मजल्यावरच्या काकू शेवेचा चमचा प्लेटमध्ये रिता करत म्हणाल्या, "अगं, शेव दातांखाली वाजतच नाहीये." पुरीला अंगठ्याने भोक पाडायला गेलं तर ती फुटायच्या ऐवजी वाकत होती. चव बिघडलेली नव्हती. वाफेने आणि हवेतल्या दमटपणाने कोरडे जिन्नस सादळले होते.

तेव्हापासून मी काउंटरची आखणी ओलं आणि कोरडं अशा दोन भागांत करते. ओले जिन्नस आधी करून ठेवले तर मुरतात आणि बहुतेक वेळा सुधारतात. कोरडे जिन्नस डब्यातून काढल्या क्षणापासून बिघडायला लागतात. कोणतं काम कधी करायचं हे सगळं त्यावरून ठरतं.

काय ठेवायचं, किती आणायचं

पदार्थ तीनच ठेवा: भेळ, पाणीपुरी आणि शेव-बटाटा-दहीपुरी, म्हणजे पुण्यात जिला एसपीडीपी म्हणतात ती. तिघांनाही तेच बटाटे, तोच कांदा, त्याच चटण्या लागतात. रगडा पॅटिसचा मोह टाळा. पॅटिस गरमच लागतात, म्हणजे घरातलं कुणीतरी सगळा वेळ तव्यापाशी अडकणार. रगडा मात्र ठेवा, पाणीपुरीत तो हवाच.

वीस माणसांचा हिशोब पुरीपासून सुरू करावा. माणशी सहा दहीपुऱ्या आणि सहा पाणीपुऱ्या धरल्या तर 240 होतात. पाकिटात काही फुटलेल्या निघतात, काही भोक पाडताना फुटतात, म्हणून 300 आणा. त्यांना दोन किलो बटाटे, अर्धा किलो पांढरे वाटाणे, सव्वा किलो कांदे, पाऊण किलो टोमॅटो, दीड किलो दही आणि पाऊण किलो बारीक शेव पुरते. भेळेसाठी अर्धा किलो कुरमुरे पुष्कळ होतात, कारण पाणीपुरी समोर असली की भेळ कुणी पोटभर खात नाही. फुटक्या पुऱ्या टाकू नका, त्या चुरून भेळेत जातात.

चार दिवस आधी: चिंचेची चटणी

200 ग्रॅम चिंच, 250 ग्रॅम बिया काढलेला खजूर, 300 ग्रॅम गूळ आणि लिटरभर पाणी एकत्र करून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळा. गार झाल्यावर मिक्सरमध्ये फिरवायच्या आधी हाताने एकदा चिवडून बघा. "बिनबियांची" म्हणून आणलेल्या चिंचेतही एखादा चिंचोका निघतो आणि मिक्सरचं पातं खराब करतो. वाटून गाळा, मग मीठ, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, तिखट आणि थोडी सुंठ घाला. पुन्हा एक उकळी आणून गार करा आणि काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा.

दाटपणा असा बघा: चमच्याची पाठ चटणीत बुडवून बोटाने मधोमध रेघ ओढा. रेघ तशीच राहिली तर दहीपुरीसाठी चटणी बरोबर आहे. लगेच भरून आली तर आणखी थोडी आटवा, कारण पातळ चटणी पुरीच्या तळातून गळते. भेळेसाठी यातलीच थोडी पाण्याने सैल करायची. चार दिवसांत आंबट आणि गोड एकमेकांत इतके मुरतात, की ताज्या चटणीला ती चव येतच नाही.

आदला दिवस: वाटाणे, पाणी, बटाटे

वाटाणे आदल्या रात्री भिजत घाला, आठ-दहा तास लागतात. पार्टी संध्याकाळची असेल तर सकाळी शिजवून घेता येतात. कुकरमध्ये हळद, हिंग, मीठ आणि चिमूटभर सोडा घालून चार-पाच शिट्ट्या करा. दाणा दोन बोटांत दाबल्यावर मऊ पडायला हवा, पण पातेल्यात त्याचा आकार दिसायला हवा. सोडा जास्त पडला की सगळ्याचा गोळा होतो आणि साबणासारखी चव येते. रगडा गार झाल्यावर घट्ट होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. संध्याकाळी गरम पाणी घालून सैल करा आणि खळखळून उकळी आणा.

पाणीपुरीचं पाणी आदल्या दिवशीच करावं. 240 पैकी निम्म्या पुऱ्या पाण्याच्या, एका पुरीत साधारण 30 मिली पाणी मावतं, वर काही जण शेवटी वाटीभर नुसतं पाणी पितात. चार लिटर लागेल. दोन जुड्या पुदिना, एक जुडी कोथिंबीर, आठ-दहा हिरव्या मिरच्या आणि दोन इंच आलं बर्फाचं पाणी घालून वाटा. साध्या पाण्याने वाटलं तर मिक्सरच्या उष्णतेने पुदिना काळवंडतो. उकळून गार केलेल्या चार लिटर पाण्यात हे वाटण मिसळा. चार-चार चमचे काळं मीठ आणि पाणीपुरी मसाला, पाच-सहा लिंबांचा रस घाला, रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्या आणि सकाळी गाळा. थंड पाण्याची चव जिभेला कमी लागते, म्हणून नंतर ते थंडच असताना चाखून मीठ-लिंबू ठीक करायचं.

टेबलावर या पाण्यात बर्फ घालू नका. वितळत गेला की तासाभरात पाणी पानचट होतं. गाळलेल्या पाण्यातलंच थोडं बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा आणि तेच खडे भांड्यात सोडा. थंडावा टिकतो आणि चव हलत नाही.

बटाटेही आदल्या संध्याकाळी सालीसकट उकडून फ्रिजमध्ये ठेवा. गार बटाट्याच्या फोडी स्वच्छ पडतात, गरम बटाटा सुरीला चिकटतो. बाजारात नवा बटाटा आणि जुना बटाटा दोन्ही असतील तर जुना घ्या. नवा कुस्करला की चिकट होतो.

त्याच दिवशी

हिरवी चटणी दुपारी वाटा. तीन जुड्या कोथिंबीर, मिरच्या, मीठ, लिंबू, बर्फाचे दोन-तीन खडे, आणि दाटपणासाठी मूठभर फुटाण्याची डाळ. हवा लागली की वरचा थर काळपट होतो, म्हणून बाटलीत काठोकाठ भरा. लसणाची लाल चटणी आदल्या दिवशी केली तरी चालते, पण ती फ्रिजमध्येच ठेवा.

कांदा पाहुणे यायच्या तासाभर आधी चिरायचा. सकाळी चिरलेल्या कांद्याला उग्र वास सुटतो आणि तो पाणीही सोडतो. टोमॅटोचा बियांचा गर काढून टाका, भेळ ओली होण्याचं एक मोठं कारण तोच असतो. दही दुपारी घुसळून गाळून घ्या, साखरही तेव्हाच घाला, मीठ मात्र टेबलावर मांडताना. आधी घातलं तर दह्याला पाणी सुटतं.

पुऱ्या आणि कुरमुरे सगळ्यात शेवटी. कुरमुरे कढईत मंद आचेवर कोरडेच भाजा. एक दाणा बोटांत दाबून बघा, मोडला तर झाले, दबला तर आणखी दोन मिनिटं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, आतली वाफ त्यांना परत मऊ करते. पुऱ्या मऊ वाटल्या तर 150 अंशांवर ओव्हनमध्ये पाच मिनिटं पुरतात. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर उलटसुलट करा.

मांडणी

टेबल भिंतीपासून ओढून घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहतील आणि रांग निम्मी होईल. क्रम असा: प्लेटा, पुऱ्या आणि कुरमुरे, बटाटा, कांदा-टोमॅटो, चटण्या, दही, आणि टोकाला शेव, कोथिंबीर. शेव शेवटी ठेवली की माणूस ती आपोआप शेवटी घालतो. पुऱ्यांपाशी ठेवली तर हौशी माणूस आधी शेव घालून वर दही ओततो आणि मग ती मऊ पडते. रगडा आणि पाणीपुरी वेगळ्या छोट्या टेबलावर, शेवेपासून लांब.

चटण्यांना वाटी-चमच्याऐवजी टोकदार तोंडाच्या प्लास्टिकच्या बाटल्या द्या. चमच्याने वाढून घेणारा प्रत्येक जण एक डाव जास्तच घालतो आणि प्लेटचं सूप होतं. भेळेसाठी एक खोलगट वाडगा आणि मोठा चमचा ठेवा. एका वेळी दोघांपुरतीच कालवायची, नाहीतर तळातली भेळ खाईपर्यंत तिचा लगदा होतो.

पुऱ्या आणि शेव पूर्ण कधीच बाहेर मांडू नका. वाडग्यात पन्नासेक पुऱ्या, बाकीच्या घट्ट झाकणाच्या डब्यात टेबलाखाली. वाडगा रिकामा होत आला की भरायचा. एवढं एकच काम घरातल्या कुणाला तरी नेमून द्या. आमच्याकडे ते सातवीतल्या भाच्याकडे असतं, कारण पुऱ्या जवळ बसायला मिळतात म्हणून तो जागचा हलत नाही.

पाण्यासाठी खाली नळ असलेला जार उत्तम. तिखट पाणी त्यात, आणि शेजारच्या जगमध्ये चिंचेची चटणी सैल करून केलेलं गोड पाणी. प्रत्येकाला छोटी वाटी द्या: वाटीत पाणी घ्यायचं आणि ते पुरीत ओतायचं. पुरी सरळ जारमध्ये बुडवणारा एखादा पाहुणा असतोच, नळामुळे ते टळतं.

जैन पाहुणे असतील तर उकडलेली कच्ची केळी आणि लसूण नसलेली हिरवी चटणी वेगळ्या ट्रेमध्ये, त्यांच्या स्वतंत्र चमच्यांसह ठेवा. बटाट्याचा चमचा केळ्यात गेला तर त्यांना काहीच खाता येत नाही. शेंगदाणेही भेळेत आधीच मिसळू नका, कुणाला ते चालत नसले तर तेवढ्यासाठी सगळी भेळ जाते.

दही बर्फावर ठेवलेल्या भांड्यात मांडा आणि रगडा मंद आचेवर किंवा गरम पाण्याच्या परातीत गरम ठेवा. दोन तास टेबलावर उघडं राहिलेलं दही आणि चिरलेला कांदा उरला तर टाकून द्या. रगडा सगळा वेळ गरम राहिला असेल तर तो फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी उकळून, वर कांदा आणि उरलेली चिंचेची चटणी घालून पावाबरोबर खाता येतो.