फोटोतल्या बंद मॉडेलबद्दल कंपनीला पत्र लिहिताना

‘सोबतच्या फोटोतलं मशीन अजून मिळतं का?’ एवढंच विचारलं तर बहुधा ‘ते मॉडेल बंद झालं आहे’ एवढंच उत्तर येतं. ते आपल्याला आधीच माहीत असतं.

समजा, झिगझॅग टाके घालणाऱ्या जुन्या शिलाई मशीनचा फोटो कोणी विकण्यासाठी पाठवला आहे. अशा बऱ्याच मशीनमध्ये हुक फिरवणारा गिअर प्लॅस्टिकचा असतो आणि वर्षं उलटली की तो तडकतो. म्हणून गिअर मिळेल की नाही, हे पैसे देण्याआधीच कळायला हवं.

आधी फोटो नीट बघा. हातचाक शिवणाऱ्याच्या उजवीकडे असतं. ते डावीकडे दिसलं आणि अक्षरं उलटी असली, तर फोटो आरशासारखा फिरलेला आहे. अक्षरं सुलटी असतील, तर तो मागून काढलेला असू शकतो. समोर ठसठशीत लिहिलेलं नाव पुष्कळदा अख्ख्या मालिकेचं असतं. खरा मॉडेल क्रमांक बहुधा मागच्या किंवा खालच्या छोट्या पट्टीवर सापडतो. त्या पट्टीचा जवळून काढलेला फोटो मागवा, त्यात सिरियल नंबरही यायला हवा. एकाच मॉडेलमध्ये कंपनी मध्येच भाग बदलते, आणि तुमचं मशीन त्या बदलाच्या आधीचं की नंतरचं हे त्या नंबरावरूनच कळतं. पट्टी मिळालीच नाही तर क्रमांक अंदाजाने लिहू नका. चुकीच्या क्रमांकाला चुकीचंच उत्तर येईल.

मग पत्र. ते लहानच बरं:

‘विषय: मॉडेल (क्रमांक), सिरियल नंबर (क्रमांक) – हुक गिअरबाबत चौकशी

महोदय/महोदया,
मी हे वापरलेलं मशीन घेण्याच्या विचारात आहे. पूर्ण मशीनचा आणि पट्टीचा फोटो सोबत जोडला आहे. कृपया कळवावे:
१. या मॉडेलच्या जागी कोणतं मॉडेल आलं?
२. त्याचा हुक गिअर या मशीनला बसतो का?
३. मूळ गिअरचा पार्ट नंबर काय? तो बदलला असल्यास नवा नंबर कोणता?
४. तुमच्याकडे साठा नसल्यास तो कोणाकडे मिळू शकेल?
आपला/आपली,’

पहिला आणि दुसरा प्रश्न मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. उत्तराधिकारी मॉडेल असलं म्हणजे त्याचे भाग जुन्याला बसतातच असं नाही, कारण आतली रचना पार बदललेली असू शकते. तिसरा प्रश्न मात्र माझ्या मते सगळ्यात कामाचा. कंपनीकडे गिअर शिल्लक नसला, तरी पार्ट नंबर हाती आला की जुना साठा ठेवणाऱ्या विक्रेत्याला नेमकं काय मागायचं ते सांगता येतं.

हे पत्र ग्राहकसेवेकडे न पाठवता सुट्या भागांच्या विभागाकडे पाठवा. ‘हा भाग चालेल’ असं उत्तर आलं तर गिअरच्या दातांची संख्या आणि आतल्या भोकाचा व्यास विचारून घ्या, आणि विकणाऱ्याला खालचं झाकण काढून जुन्या गिअरचे दात मोजायला सांगा.