कराराशिवाय केलेल्या कामाचे पैसे मागताय? मग या चुका टाळा

तालुका कोर्टात वकिली करताना महिन्यातून एकदा तरी कुणीतरी फाईल घेऊन येतंच आणि वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, काम तर पूर्ण केलं, पण करार झालाच नव्हता, आता ते पैसे नाही म्हणतात." पैसे मिळू शकतात. क्वांटम मेरुइट म्हणजे जेवढं काम केलंत तेवढ्याचा वाजवी मोबदला. आपल्याकडे करारच नसेल किंवा तो कायद्यात बसत नसेल तर हे तत्त्व 1872 च्या करार कायद्याच्या कलम 70 मधून चालतं. तीन गोष्टी लागतात: काम कायदेशीर होतं, ते फुकट करायचा इरादा नव्हता आणि समोरच्याने त्याचा फायदा घेतला. एवढं सोपं असूनही लोक केस हातची घालवतात, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक: जो करार नाही त्याच्यावरच दावा उभा करणं

एक कॉन्ट्रॅक्टर काका आले होते. नगरपरिषदेच्या आठवडी बाजाराच्या जागेत पेव्हर ब्लॉक आणि कडेने गटार असं काम. तिथल्या इंजिनियरने सांगितलं, काम सुरू करा, वर्क ऑर्डर आठवड्यात येतेय, पावसाळ्याच्या आधी उरकायला हवं. काकांनी सुरू केलं. वर्क ऑर्डर आलीच नाही, ठरावही झाला नाही, इंजिनियरची बदली झाली आणि नवीन आलेल्याने अर्ध्यावर काम थांबवलं. काकांनी दुसऱ्या वकिलाकडून दावा आधीच टाकलेला होता, 14 लाख 60 हजारांचा, "कराराचा भंग" म्हणून, एस्टिमेटच्या पूर्ण रकमेवर, म्हणजे न केलेल्या अर्ध्या कामाचा नफासुद्धा त्यात धरलेला!

नगरपरिषदेचं उत्तर दोन ओळींचं: असा कोणताही करार झालेला नाही. आणि ते खरंच होतं, कारण अशा संस्थांनी करार कसा करायचा, सह्या कुणाच्या हव्यात हे त्यांच्या कायद्यात लिहिलेलं असतं, सरकारसाठी ते घटनेच्या कलम 299 मध्ये आहे, आणि ते पाळलं नाही तर इंजिनियरच्या तोंडी शब्दाला करार म्हणून काही किंमत नाही. दावा तसाच राहिला असता तर फेटाळला गेला असता आणि काका म्हणाले असते कोर्टात न्याय नाही.

खरं तर याचं उत्तर कधीच देऊन झालंय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बी. के. मंडल अँड सन्स या कॉन्ट्रॅक्टरने बंगालच्या सिव्हिल सप्लाय खात्यासाठी बांधकामं केली, करार कायद्याने सांगितलेल्या पद्धतीने झालाच नव्हता, सरकार म्हणालं पैसे नाही. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1962 च्या रिपोर्टात आलेला बहुमताचा निकाल आपल्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिला: कलम 70 खाली मागणी करणारा करार अंमलात आणा असं म्हणतच नाही, तो म्हणतो तुम्ही फायदा घेतलाय, त्याची भरपाई द्या. समोरच्याला नको म्हणायची, वस्तू परत करायची मोकळीक होती. त्याने ते ठेवून घेतलं की जबाबदारी आली.

मी काकांच्या दाव्यात दुरुस्ती अर्ज दिला आणि पर्यायी मागणी घातली: करार सिद्ध झाला तर कराराप्रमाणे, नाही झाला तर कलम 70 प्रमाणे. साक्षीपुरावा सुरू झालेला नव्हता म्हणून दुरुस्ती निभावली, नंतर अर्ज दिला असता तर फार अवघड गेलं असतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक दाव्यात ही पर्यायी मागणी पहिल्या दिवसापासून असते, करार कितीही पक्का दिसत असला तरी. कुणाकडून तरी व्हॉट्सॲपवर आलेला तयार मसुदा नाव बदलून टाकणाऱ्यांना माझी खरंच विनंती आहे की असं करू नका, त्यात दुसऱ्या कुणाची तरी केस असते.

दुसरी चूक: आकडा मनाने लावणं

काकांचं म्हणणं, "माझा रेट तर इंजिनियरने मान्य केला होता." करारच नसेल तर मान्य केलेला रेट म्हणजे फार तर एक पुरावा, हक्क नाही. काम केलं त्या वेळी तेवढ्या कामाचा बाजारभाव काय होता, हे दाखवावं लागतं. पुणे महापालिकेला गाड्यांचे स्पेअर पार्ट पुरवल्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 1970 मध्ये बाजारभावाचंच माप लावलं होतं.

आणि मोजमाप? झालेल्या कामाची मापं लिहायचं सरकारी पुस्तक म्हणजे एमबी, त्यात काकांच्या कामाची एक ओळ नव्हती, कारण वर्क ऑर्डरच नाही. ब्लॉकच्या कारखान्याची बिलं होती, ट्रॅक्टरच्या फेऱ्यांची वही होती, थोडे फोटो. जागेवर जाऊन मोजमाप करायला कोर्टाने माणूस नेमावा म्हणून मी कोर्ट कमिशनरसाठी अर्ज दिला. कमिशनर टेप घेऊन आले, बाजाराचा दिवस नव्हता, जागा मोकळी होती. 640 चौरस मीटर ब्लॉक भरले, 120 मीटर गटार. कडेचे दोन ब्लॉक उपटून खालचा दगडाच्या बारीक कचेचा थरही पाहिला. एका कोपऱ्यात 40 चौरस मीटर भाग खचलेला होता, तो त्यांनी सरळ लिहून घेतला.

हिशोब असा झाला: ब्लॉक 850 रुपयांनी 5,44,000 आणि गटार 2,400 रुपये मीटरने 2,88,000, मिळून 8,32,000. दर त्या वर्षीच्या डीएसआरशी, म्हणजे सरकारी दरसूचीशी, आणि बिलांशी जुळवून घेतले. खचलेल्या भागाचे 34,000 आम्ही स्वतःच वजा केले, म्हणजे राहिले 7,98,000. काकांना हे पटायला दोन बैठका लागल्या. मी म्हटलं, काका, न केलेल्या कामाचा नफा कलम 70 देत नाही, आणि वाईट झालेला कोपरा लपवला तर चांगल्या 600 चौरस मीटरवरचाही विश्वास जाईल. डिक्री त्याच आकड्याची झाली.

फायदा घेतल्याचा पुरावा कुठून आणला ते मुद्दाम सांगते. काम थांबवल्याच्या पुढच्याच महिन्यापासून त्याच ब्लॉकवर बाजार भरत होता आणि नगरपरिषद विक्रेत्यांकडून जागेची पावती फाडत होती. एका भाजीवाल्या मावशींनी अशा पावत्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या, तारखांसकट. त्या दाखल केल्यावर "आम्ही काम स्वीकारलंच नाही" हा बचाव उरला नाही.

बाकीच्या, थोडक्यात

रेट ठरलेला वैध करार असेल तर महागाई वाढली म्हणून क्वांटम मेरुइट मागू नका, सैन्याला तूप पुरवणाऱ्या अलोपी प्रसादांची तशी मागणी 1960 मध्येच फेटाळली गेलीय.

मुदत तीन वर्षं आहे. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल तर सांगितलेल्या कामाची मुदत काम झाल्यापासूनच मोजली जाते, शेवटच्या तोंडी आश्वासनापासून नाही. "देतो देतो" ऐकत दोन वर्षं काढणारे फार भेटतात.

राज्य सरकारवर दावा असेल तर आधी दोन महिन्यांची नोटीस, तीसुद्धा ही तीन वर्षं संपायच्या आत द्या.

कामच बेकायदेशीर असेल तर कलम 70 मधला "कायदेशीर" हा शब्द आडवा येतो, तिथे मी केस घेतच नाही.

आणि वर्क ऑर्डर नसताना काम सुरू करायचीच वेळ आली तर त्याच दिवशी साधं पत्र आवक-जावकला देऊन शिक्का घ्या: तुमच्या सांगण्यावरून आज काम सुरू करतोय, हे मोफत नाही. काकांकडे तसं पत्र असतं तर मला भाजीवाल्या मावशींना साक्षीला उभं करावं लागलं नसतं, त्यांचा बाजाराचा एक दिवस त्यात बुडाला.