पहिलं घर काळं करण्याआधी

नाशिकरोडहून सकाळी पंचवटीने मुंबईला जायचं असेल आणि वाटेत नोनोग्राम सोडवायचा बेत असेल, तर कोडं आदल्या रात्रीच तयार करून ठेवा. कसाऱ्याच्या घाटात डबा हलत असताना बेरजा करायला बसलं की एखादा आकडा हमखास चुकतो, आणि ती चूक कळते तेव्हा अर्धं चित्र काळं झालेलं असतं. घरी शांतपणे आकडे वाचून ठेवले की गाडीत फक्त घरं भरायची उरतात.

नोनोग्राम म्हणजे रिकाम्या घरांची चौकट. प्रत्येक आडव्या ओळीच्या डावीकडे आणि प्रत्येक उभ्या रकान्याच्या डोक्यावर आकडे दिलेले असतात. ओळीपुढे ‘४ ३’ असेल तर त्या ओळीत आधी सलग चार घरं काळी, मग किमान एक घर रिकामं, मग सलग तीन काळी. गटांचा क्रम बदलत नाही. त्यांच्या आधी, मध्ये आणि शेवटी किती घरं मोकळी राहतात, तेवढं शोधायचं. १९८७ साली जपानमध्ये नॉन इशिदा आणि तेत्सुया निशिओ या दोघांना हे कोडं एकमेकांपासून स्वतंत्रपणे सुचलं. सोडवण्याची रीत तेव्हापासून तीच आहे: अंदाज न करता, जे घर काळं असलंच पाहिजे तेवढंच काळं करायचं.

सामान थोडंच लागतं. मेन रोडवरच्या कुठल्याही वह्यांच्या दुकानात मिळते ती चौकटीची वही, मऊ शिसाची पेन्सिल आणि चांगलं खोडरबर. पेन नको. वहीत कोडं उतरवताना दर पाच घरांनंतरची रेघ जाड ओढा, म्हणजे ‘आठवं घर’ शोधताना पहिल्यापासून मोजावं लागत नाही. दोन खुणा आधीच ठरवा: काळं घर पूर्ण भरायचं आणि नक्की रिकामं असलेल्या घरात छोटी फुली मारायची. नवीन माणसं फुल्या मारायचा कंटाळा करतात. पण फुली नसलेलं घर ‘रिकामं’ आहे की ‘अजून ठरलेलं नाही’ हे थोड्या वेळाने तुमचं तुम्हालाच सांगता येत नाही.

आकडे उतरवून झाले की एक पडताळणी न चुकता करा. सगळ्या ओळींच्या आकड्यांची बेरीज आणि सगळ्या रकान्यांच्या आकड्यांची बेरीज सारखीच यायला हवी, कारण दोन्हीकडून मोजली जातात ती तीच काळी घरं. बेरजा जुळल्या नाहीत तर उतरवताना काहीतरी सुटलंय किंवा चुकलंय. जुळल्या म्हणजे सगळं बरोबरच आहे असं मात्र नाही. ‘२ ३’ च्या जागी ‘३ २’ लिहिलं गेलं तरी बेरीज तीच येते, म्हणून क्रम डोळ्यांनी पुन्हा एकदा पाहून घ्या.

आता खरी तयारी. प्रत्येक ओळीसाठी एक आकडा काढायचा, त्याला मी मोकळीक म्हणते. ओळीतले सगळे गट एकमेकांना शक्य तितके चिकटवले, म्हणजे दोन गटांमध्ये एकच रिकामं घर ठेवलं, तर किती जागा लागते ते मोजा. ओळीच्या लांबीतून ती जागा वजा केली की उरते ती मोकळीक. दहा घरांच्या ओळीत ‘४ ३’ ला ४ अधिक १ अधिक ३, म्हणजे आठ घरं लागतात. मोकळीक दोन. ही दोन घरं ओळीत कुठे आहेत ते माहीत नाही, पण कुठलाही गट आपल्या सगळ्यात डावीकडच्या जागेपासून जास्तीत जास्त दोन घरं उजवीकडे सरकू शकतो, तिसरं नाही.

म्हणून सगळे गट डावीकडे दाबून मांडून पाहा. चारचा गट घर १ ते ४ मध्ये बसेल, तीनचा ६ ते ८ मध्ये. आता प्रत्येक गटाची पहिली दोन घरं सोडा, कारण गट सरकला तर तीच मोकळी होतील. उरलेली घरं गट कितीही सरकला तरी त्याच्याखालीच राहतात. चारच्या गटाची ३ आणि ४, तीनच्या गटाचं ८. ही तीन घरं एकाही रकान्याकडे न बघता काळी करता येतात. गटाच्या आकड्यातून मोकळीक वजा केली की त्या गटाची किती घरं ठरली ते कळतं: ४ वजा २ म्हणजे दोन, ३ वजा २ म्हणजे एक. वजाबाकी शून्य किंवा त्याहून कमी आली तर त्या गटाबद्दल अजून काही बोलायचं नाही. ‘२ २ २’ ची मोकळीकही दोनच, पण एकही घर ठरत नाही.

इथे एका ठिकाणी बहुतेक सगळे अडकतात. माझ्या भाचीने हीच ओळ दोनदा मांडली, एकदा डावीकडे दाबून आणि एकदा उजवीकडे दाबून. डावीकडची मांडणी १ ते ४ आणि ६ ते ८, उजवीकडची ३ ते ६ आणि ८ ते १०. मग तिने विचारलं, “मावशी, सहावं घर दोन्ही वेळा काळं येतंय, मग भरू ना?” प्रश्न रास्त होता. सहावं घर दोन्ही वेळा काळं आहे खरं, पण डावीकडच्या मांडणीत ते तीनच्या गटाचं आहे आणि उजवीकडच्या मांडणीत चारच्या गटाचं. गट वेगळा असेल तर ते घर ठरत नाही. मधली मांडणी करून पाहा: चारचा गट २ ते ५ वर, तीनचा ७ ते ९ वर. सगळे नियम पाळले गेले आणि सहावं घर रिकामं राहिलं. म्हणून दोन मांडण्यांची तुलना करताना पहिला गट पहिल्याशीच, दुसरा दुसऱ्याशीच ताडायचा. डावीकडे दाबून पहिली घरं सोडायची रीत वापरली तर ही चूक होतच नाही, म्हणून नवख्यांना मी तीच शिकवते.

निघण्याआधी प्रत्येक ओळीच्या आणि रकान्याच्या कडेला तिची मोकळीक बारीक अक्षरात लिहून ठेवा. मोकळीक शून्य असलेल्या ओळी आधी पूर्ण करायच्या, त्यात फुल्यासुद्धा. मग जिथे सगळ्यात मोठा गट मोकळीकीपेक्षा मोठा आहे त्या ओळी. बाकीच्या ओळी पहिल्या फेरीत सोडून द्या.

दुसऱ्या फेरीत फुल्या कामाला येतात. दहा घरांच्या ओळीत एकटा ‘४’ असेल तर मोकळीक सहा, काहीच ठरत नाही. पण एखाद्या रकान्याने त्या ओळीच्या चौथ्या घरात फुली आणली तर चित्र बदलतं. डावीकडे तीनच घरं उरली, तिथे चारचा गट मावत नाही, म्हणून तिथेही फुल्या. आता गटाला ५ ते १० अशी सहाच घरं आहेत. मोकळीक दोन झाली आणि ७ व ८ ही घरं ठरली. एका फुलीने तीन फुल्या आणि दोन काळी घरं दिली. म्हणजे कडेला लिहिलेली मोकळीक कायमची नसते. ओळ आखडली की ती खोडून नवी लिहायची.

काठाजवळचं काळं घरही असंच बोलकं असतं. दहाच्या ओळीत ‘३ २’ आहे आणि दुसरं घर रकान्यामुळे काळं झालंय. ते दोनच्या गटाचं असू शकत नाही, कारण मग त्याच्या आधी तीनच्या गटाला जागाच उरत नाही. म्हणजे ते तीनचंच, आणि तो गट १ ते ३ किंवा २ ते ४ एवढ्याच दोन जागी बसतो. तिसरं घर दोन्हीत आहे, म्हणून काळं. पहिलं आणि चौथं अजून ठरलेलं नाही. इथे घाईने चौथं भरू नका.

गाडीत बसण्याआधी हात बसावा म्हणून पाच बाय पाचचं एक कोडं पूर्ण सोडवून पाहा. ओळी वरून खाली: १, २, १, ५, ३. रकाने डावीकडून उजवीकडे: १, २, ५, ‘१ २’, १. दोन्ही बेरजा बारा येतात, म्हणजे पुढे जायला हरकत नाही. चौथ्या ओळीची आणि तिसऱ्या रकान्याची मोकळीक शून्य, ती दोन्ही पूर्ण काळी करा. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीला एकेकच घर हवं होतं, ते तिसऱ्या रकान्याने दिलं, म्हणून त्या ओळींत बाकी सगळीकडे फुल्या. पहिल्या आणि पाचव्या रकान्याचं एकुलतं एक घर चौथ्या ओळीने दिलं, तिथेही बाकी फुल्या.

आता पाचवी ओळ, आकडा ३. सुरुवातीला तिची मोकळीक दोन होती आणि फक्त मधलं घर ठरत होतं. पण आता दोन्ही टोकांना फुल्या आहेत, म्हणून मधली तिन्ही घरं काळी. दुसऱ्या रकान्याला सलग दोन घरं हवी होती, ती चौथ्या आणि पाचव्या ओळीत मिळाली, म्हणून त्याच्या दुसऱ्या ओळीत फुली. दुसऱ्या ओळीत आता तिसरं घर काळं आहे, पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या घरात फुल्या आहेत, आणि सलग दोन हवीत. उरतं फक्त चौथं. शेवटी चौथा रकाना तपासा: दुसऱ्या ओळीत एक, तिसरीत फुली, मग चौथी-पाचवीत दोन. ‘१ २’ जुळलं. गंगापूर धरणाच्या पाण्यात दिसावी तशी झेंडा लावलेली होडी तयार होते.

मोठ्या कोड्यात कधीतरी सगळं थांबतं. तेव्हा पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची गरज नाही. मागच्या फेरीत ज्या ओळीत किंवा रकान्यात नवं काळं घर किंवा नवी फुली आली, तेवढ्याच पुन्हा वाचा, बाकीच्यांकडे नवीन सांगण्यासारखं काही नसतं. एखाद्या ओळीत गट मावेनासा झाला, किंवा एखादं काळं घर कुठल्याच गटाचं ठरेना, तर चूक बहुतेक त्या ओळीत नसते. ती आणणाऱ्या रकान्यात असते. त्या ओळीतलं प्रत्येक काळं घर कुठल्या रकान्याने दिलं ते मागे जाऊन विचारा, आणि ज्याचं कारण सांगता येत नाही ते घर आधी खोडा.