हंगामाअखेरचे कर्णधाराचे भाषण : सहकाऱ्यांचे आभार कसे मानावेत

व्हॉलीबॉलच्या 12 खेळाडूंच्या संघासाठी सात मिनिटांचे भाषण पुरेसे असते, आणि त्यातील चार मिनिटे खेळाडूंसाठीच राखून ठेवावीत.

सुरुवात निकालांनी करावी. आमच्या सर्वांत खडतर वर्षी मी एवढेच सांगितले होते : "14 सामन्यांपैकी नऊ आपण हरलो. शेवटच्या पाचांपैकी तीन जिंकलो, कारण तोपर्यंत समोरची सर्व्हिस आपल्याला नीट उचलता येऊ लागली होती." पराभवाची कारणे इथे मोजत बसू नयेत, प्रत्येक कारणामागे सभागृहात बसलेला कोणीतरी असतो.

खरी कसोटी खेळाडूंची नावे घेताना लागते. कर्णधारपदाच्या पहिल्या वर्षी मी सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या चौघांचे कौतुक केले आणि "बाकी सर्वांचेही मनापासून आभार" असे म्हणून पुढे गेलो. त्या 'बाकी सर्वां'मध्ये आमचा राखीव सेटर होता. तो हंगामभर एकही सराव न चुकवता आला होता, आणि त्या संध्याकाळी जेवणाआधीच निघून गेला. "मोजकी नावे घ्या, भाषण लांबते" हा सल्ला तेव्हापासून मला मुळीच मान्य नाही. प्रत्येकासाठी दोन वाक्ये बोलण्यास सुमारे 20 सेकंद लागतात; 12 जणांची चार मिनिटे होतात, आणि तेवढा वेळ सर्वजण आनंदाने ऐकतात.

या दोन वाक्यांत स्वभावगुण नव्हे, तर घडलेली कृती सांगावी. "तो फार मेहनती आहे" हे वाक्य कोणालाही लागू पडते. त्याऐवजी असे म्हणावे : "सातव्या सामन्यात लिबेरोचा घोटा मुरगळला, तेव्हा याने तीन आठवडे रोज सराव संपल्यावर थांबून त्याला बसल्या जागी पास दिले." वाक्य लिहून झाले की नाव झाकून ते संघातील एखाद्याला वाचून दाखवावे; त्याला खेळाडू ओळखता आला नाही, तर ते वाक्य खोडावे. एखाद्यासाठी काहीच सुचत नसेल, तर त्याच्या शेजारी बाकावर बसणाऱ्याला विचारावे, कारण कर्णधार मैदानात असताना बाकावर काय चालते हे त्यालाच ठाऊक असते. नावांचा क्रम जर्सीच्या क्रमांकानुसार ठेवावा. कामगिरीनुसार लावलेल्या क्रमात शेवटचे नाव आभाराचे न राहता निकालाचे होते. दुखापत किंवा घरची अडचण मात्र त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय बोलू नये.

प्रशिक्षकांचे आभार त्यांच्या एका निर्णयासाठी मानावेत, शक्यतो तेव्हा संघाला न पटलेल्या. समर्थकांमध्ये गाडी चालवणारे, जर्सी धुणारे आणि गुणफलक सांभाळणारे यांची नावे लिहून न्यावीत.

शेवटी पुढच्या हंगामातील पहिल्या सरावाची तारीख आणि वेळ सांगून खाली बसावे.