चौदा पेपरांचा सीव्ही एका पानावर: माझा अनुभव

संख्याशास्त्रात पीएचडी, सहा पानी सीव्ही, चौदा पेपर. तरी नागपुरात डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागांसाठी चार महिने एकही फोन नाही. जीव मेटाकुटीला आला. फॉन्ट लहान केला, पेपर निम्मे केले, फरक शून्य.

जमलं ते असं. आधी जाहिरातीतली कामं कागदावर उतरवली. प्रत्येकापुढे ते मी ज्या पेपरात केलं तो लिहिला. मग शीर्षक खोडून काम लिहिलं. ‘संत्रा उत्पादनाचे प्रतिगमन प्रारूप’ याचं झालं: ‘काटोलच्या 212 बागांच्या 6 वर्षांच्या नोंदी पायथनमध्ये साफ केल्या, अंदाजातली सरासरी चूक 24 वरून 15 टक्क्यांवर आणली.’ आकडा पेपरातल्या तक्त्यातलाच घ्या, मुलाखतीत त्यावरच खोदून विचारतात. अशा चार नोंदी वर, पेपरांची यादी तळाशी एका ओळीत. दुसऱ्याच आठवड्यात फोन आला.